शिवणीत लपलेली काठी

३६० अंशांच्या व्हिडिओत माणूस मूठ आवळून चालताना दिसतो, पण मुठीतली सेल्फी स्टिक दिसत नाही. सॉफ्टवेअर ती नंतर पुसत असेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर ती जोडलेल्या चित्रात कधी आलेलीच नसते.

या कॅमेऱ्यात दोन फिशआय भिंगं पाठीला पाठ लावून बसवलेली असतात. प्रत्येक भिंग साधारण २०० अंश पाहतं, म्हणजे कडेची काठी दोघांनाही दिसते. पण दूरचं दृश्य शिवताना सॉफ्टवेअर दोन्ही चित्रं भिंगाच्या अक्षापासून ९० अंशांवर कापतं आणि कडा जोडतं. पुढच्या भिंगाकडून त्याच्या पुढचं जग घेतलं जातं, मागच्याकडून त्याच्या मागचं. दोन भिंगांत ३ सेंमी अंतर धरलं, तर मधला ३ सेंमी जाडीचा पापुद्रा कुणाच्याच वाट्याला येत नाही. हा पापुद्रा कितीही दूरवर पसरला तरी त्याची जाडी ३ सेंमीच राहते, आणि मला यातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. ५० मीटरवरच्या इमारतीतले ३ सेंमी गेले तर कळतही नाही. दीड सेंमी जाडीची काठी मात्र त्यात अख्खी मावते.

अट एकच, काठी त्या पापुद्र्यात सरळ राहिली पाहिजे. दोन्ही बाजूंना पाऊण सेंमी मोकळीक आहे. म्हणजे काठी १ मीटर लांब असेल, तर अर्ध्या अंशापेक्षाही कमी कलली तरी तिचं टोक बाहेर डोकावतं. मग पायाशी पाहिलं की शिवणीलगत एक करडी पट्टी दिसते. तशी दिसली तर आधी कॅमेऱ्याचा स्क्रू घट्ट बसलाय का ते तपासावं. रुंद क्लॅम्प किंवा जाड सांधा मात्र कितीही सरळ धरला तरी दिसणारच.

लांब काठी आडवी धरली की ती स्वतःच्या वजनानं खाली वाकते. अशा वेळी भिंगं डावी-उजवीकडे वळवावीत. मग बाक शिवणीच्या प्रतलातच राहतो आणि काठी लपलेलीच राहते. एक भिंग वर, एक खाली ठेवलं, तर तोच बाक खालच्या भिंगासमोर येतो.

याची किंमत जवळच्या वस्तू मोजतात. शिवणीवर हातभर अंतरावर उभ्या माणसाच्या चेहऱ्यातली ३ सेंमीची पट्टी गायब होते आणि नाक अरुंद दिसतं. ते टाळायला काही सॉफ्टवेअर जवळच्या अंतरासाठी शिवण जुळवून घेतं. पण शिवण काठीच्या अंतरावर जुळली, की टाकून दिलेल्या कडा वापरात येतात आणि काठी पुन्हा उगवते. म्हणून माणसाला भिंगासमोर घ्यावं आणि शिवण मोकळ्या बाजूला, आकाशाकडे किंवा दूरच्या डोंगराकडे ठेवावी.

सावलीला मात्र हा उपाय नाही. जमिनीवर पडलेली काठीची सावली पापुद्र्याबाहेर असते, आणि ऊन कललं की ती पूर्ण लांबीनं चित्रात येते.