कारखान्याची ईसी आणि कन्सेंट कशी शोधायची, आणि "रेकॉर्ड नाही" असं उत्तर का येतं

गावाशेजारच्या कारखान्याकडे पर्यावरण परवानग्या आहेत का हे बघायला बरेच जण जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात. मी गेली काही वर्षं लोकांना यासाठी माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देतोय आणि दरवेळी तेच होतं, माणूस गेटवरच्या बोर्डावरचं नाव घेऊन शोधतो, काही सापडत नाही आणि कंपनीकडे काहीच परवानगी नाही असं समजून बसतो. तसं नसतं बहुतेकदा.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा की कागद दोन आहेत आणि दोन वेगळ्या ठिकाणचे आहेत. पर्यावरण मंजुरी, जिला सगळे ईसी म्हणतात, ती 2006 च्या ईआयए म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांच्या तपासणीच्या अधिसूचनेखाली मिळते, मोठ्या किंवा जास्त धोक्याच्या प्रकल्पांना केंद्राचं मंत्रालय देतं आणि बाकीच्यांना राज्याचं प्राधिकरण. कन्सेंट म्हणजे जल कायदा 1974 आणि वायू कायदा 1981 खालची संमती, ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हणजे एमपीसीबी देतं, आधी कारखाना उभारायची आणि मग चालवायची. ईसी प्रत्येक कारखान्याला लागत नाही. साध्या इंजिनिअरिंग वर्कशॉपची ईसी शोधत बसू नका, ती नसणारच, पण रसायनं किंवा औषधांचा कच्चा माल बनवणारा कारखाना असेल तर लागते.

शोधताना कंपनीचं नाव नाही, प्लॉट नंबर धरा. नाव बदलतं, मालक बदलतो, पण एमआयडीसीतला प्लॉट तिथेच राहतो. कोकणातल्या एका एमआयडीसीजवळच्या गावातले एक काका माझ्याकडे आले होते, ते ईसीच्या सरकारी पोर्टलवर म्हणजे parivesh.nic.in वर आणि एमपीसीबीच्या mpcb.gov.in वर गेटवरचं नाव टाकून टाकून दमले होते. आम्ही कंपनी मंत्रालयाच्या mca.gov.in वर कंपनीची माहिती काढली तर चार वर्षांपूर्वी नाव बदललेलं, आणि जुन्या नावाने शोधल्यावर ईसी लगेच निघाली, पत्रावर प्लॉट नंबर तोच. आणखी एक चूक म्हणजे कंपनीचा नोंदणीकृत पत्ता मुंबईचा असतो म्हणून लोक मुंबईत शोधतात. कागद कारखान्याच्या पत्त्यावर असतात हो.

परिवेशवर प्रस्तावाचा नंबर IA/MH ने सुरू झाला तर फाईल केंद्राकडची आणि SIA/MH ने सुरू झाला तर राज्याकडची. परिवेश 2018 साली सुरू झालं, त्यामुळे जुनी पत्रं कधी environmentclearance.nic.in वर सापडतात आणि कधी कुठेच नाही. केंद्राच्या जुन्या औद्योगिक पत्रांवर J-11011 ने सुरू होणारा फाईल नंबर असतो, तो कुठेही दिसला तर लिहून ठेवा, अर्जात तो टाकला की मंत्रालयाला फाईल सापडत नाही म्हणायला जागा राहत नाही.

आता तारखांचा घोळ, यात सगळ्यात जास्त लोक फसतात. ईसीवर मुदत लिहिलेली असते, आणि 2009 ची ईसी पाच वर्षांची, म्हणजे 2014 ला संपली, कारखाना बेकायदा, अशी तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि पहिल्याच दिवशी फेटाळली जाते. ती मुदत प्रकल्प उभा करायची आहे, चालवायची नाही. मुदतीत कारखाना उभा राहून सुरू झाला तर मंजूर क्षमतेपुरती ईसी पुढेही लागू राहते. कन्सेंटचं मात्र उलट आहे, पहिल्याच पानावर अमुक तारखेपर्यंत असं असतं आणि ती तारीख खरंच संपते. ती उलटून गेली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज कुठल्या तारखेला केला आणि मंडळाने त्यावर काय ठरवलं हे विचारा, नुसतं "अर्ज केलाय" यावर परत येऊ नका.

काकांच्या प्रकरणात ईसीवर उत्पादन 600 टन होतं आणि कन्सेंटवर सगळ्या मालाची बेरीज 72 टन. काका म्हणाले मग तर हे कमीच बनवतायत. मी म्हटलं थांबा, एकक बघा. ईसीवर TPA लिहिलंय म्हणजे वर्षाला, कन्सेंटवर MT/M म्हणजे महिन्याला. 72 गुणिले 12 केले की वर्षाचे 864 टन होतात, म्हणजे ईसीपेक्षा 264 टन जास्त. पण एवढ्यावर आरोप करायचा नाही, कारण विस्ताराची दुसरी ईसी असू शकते, किंवा 2021 च्या दुरुस्तीनुसार प्रदूषणाचा भार वाढत नाही असं प्रमाणपत्र घेऊन क्षमता वाढवलेली असू शकते. म्हणून या दोन्हींची प्रत मागायची. दोन्ही नसतील तर तक्रार उभी राहते, आणि मग ती कोणी सहज फेटाळू शकत नाही.

ऑनलाइन नाही मिळालं तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांच्या आत हवा, हे न पाळल्याने कितीतरी चांगले अर्ज परत आलेत. ईसी आणि कन्सेंट एका अर्जात घालू नका, कार्यालयंच वेगळी आहेत. फी 10 रुपये. कन्सेंटसाठी एवढंच लिहा: "प्लॉट नं. अमुक, एमआयडीसी अमुक येथील कारखान्यास (सध्याचे व पूर्वीचे नाव) 1 एप्रिल 2015 पासून आजपर्यंत दिलेल्या सर्व संमतीपत्रांच्या, नूतनीकरण, दुरुस्ती व नकाराच्या पत्रांसह, परिशिष्टांसहित प्रती द्याव्यात." परिशिष्टांसहित हा शब्द विसरू नका. सांडपाणी रोज किती घनमीटर सोडायचं, चिमणीची उंची, बँक गॅरंटी हे सगळं तिथेच असतं, आणि न मागितल्यामुळे कितीतरी जणांना नुसती पहिली दोन पानं मिळाली आहेत.

उपप्रादेशिक कार्यालय म्हणतं कन्सेंट मुख्यालयातून झाली, आमच्याकडे नाही. हे उत्तर घेऊन निघून येऊ नका. कन्सेंटच्या शेवटच्या पानावर प्रती कोणाला पाठवल्या ते छापलेलं असतं आणि त्यात प्रादेशिक व उपप्रादेशिक अधिकारी असतात, तेव्हा पहिल्या अपिलात तेच दाखवायचं, अपील उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत.

दुसरं नेहमीचं उत्तर म्हणजे ही त्रयस्थ पक्षाची गोपनीय माहिती आहे. याचा मला फार राग येतो, कारण जल कायद्याच्या कलम 25(6) मध्येच लिहिलंय की मंडळाने अटींची नोंदवही ठेवायची आणि त्या सांडपाण्याने बाधित किंवा संबंधित माणसाला ती बघू द्यायची. वायू कायद्यात कलम 51 तसंच आहे. अपिलात ही दोन कलमं लिहा, आणि तुमचं घर किंवा विहीर कारखान्यापासून किती अंतरावर आहे तेही लिहा, बाधित आहात हे त्यातून दिसतं.

ईसीच्या बाबतीत ग्रामपंचायतीत पण विचारा. अधिसूचनेनुसार कंपनीने मंजुरीची प्रत स्थानिक संस्थेला द्यायची असते आणि संस्थेने ती 30 दिवस लोकांना दिसेल अशी लावायची असते, त्यामुळे जुन्या आवक रजिस्टरमध्ये तिची नोंद सापडू शकते. काकांना पहिल्या ईसीची पूर्ण प्रत अशीच मिळाली, ग्रामसेवकाने कपाटातल्या गठ्ठ्यातून काढून दिली.