ब्रोकरेज: ठरावीक की टक्केवारी? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"मी महिन्याला दोन-तीनदाच शेअर खरेदी करतो, मला कोणता प्लॅन परवडेल?" हा प्रश्न आम्हाला रोज येतो. उत्तर देण्याआधी आम्ही उलट विचारतो, एका ऑर्डरची रक्कम साधारण किती असते? किती वेळा व्यवहार करता हे महत्त्वाचं आहेच, पण ते नंतर.

आमच्याकडे दोन प्लॅन आहेत. ठरावीक प्लॅनमध्ये पूर्ण झालेल्या प्रत्येक ऑर्डरला २० रुपये, शिवाय वर्षाला ३०० रुपये शुल्क. टक्केवारी प्लॅनमध्ये व्यवहाराच्या रकमेवर ०.२५ टक्के, ऑर्डरमागे किमान ५ रुपये, वार्षिक शुल्क नाही. खरेदी आणि विक्री, दोन्हींवर ब्रोकरेज लागतं. व्यवहारावरचे सरकारी कर आणि एक्सचेंजचं शुल्क दोन्ही प्लॅनमध्ये सारखंच, त्यामुळे तुलनेत ते धरू नका.

८,००० रुपयांच्या ऑर्डरवर ०.२५ टक्के म्हणजे बरोबर २० रुपये. याहून लहान ऑर्डरला टक्केवारी स्वस्त पडते, मोठीला ठरावीक. वर्षातून किती वेळा व्यवहार करता हा प्रश्न इथून पुढे येतो, कारण ३०० रुपये वसूल व्हायला हवेत. २०,००० च्या ऑर्डरवर टक्केवारीने ५० रुपये लागतात, म्हणजे ठरावीक प्लॅनमध्ये दर ऑर्डरला ३० वाचतात आणि दहा ऑर्डरमध्ये शुल्क निघतं. १२,००० च्या ऑर्डरवर मात्र दहाच रुपये वाचतात, तिथे तीस ऑर्डर लागतात. वर्षाला पाच-सहा व्यवहार करणाऱ्याने एवढ्याच रकमांसाठी ठरावीक प्लॅन घेऊ नये, असं आम्ही स्वतःहून सांगतो.

आता ज्या चुकीमुळे सर्वांत जास्त फोन येतात ती. ग्राहक हिशेब मोठ्या ऑर्डरचा करतात आणि प्रत्यक्षात ऑर्डर तुकड्यांत टाकतात. समजा, वर्षात १५,००० च्या बारा खरेद्या आणि ३०,००० च्या चार विक्र्या आहेत. टक्केवारीने खरेदीचे ४५० आणि विक्रीचे ३००, एकूण ७५० रुपये. ठरावीकमध्ये सोळा ऑर्डरचे ३२० आणि वार्षिक ३००, एकूण ६२०. म्हणजे ठरावीक प्लॅन १३० रुपयांनी स्वस्त. पण त्याच ग्राहकाने भाव खाली येईल या आशेने प्रत्येक खरेदी ५,००० च्या तीन ऑर्डरमध्ये केली, तर ऑर्डर होतात चाळीस. मग ठरावीकचा खर्च ८०० अधिक ३००, म्हणजे १,१००. टक्केवारीत मात्र ते ७५० च राहतात. रक्कम तीच, शेअर तेच, आणि ३५० रुपये जास्त गेले. तुकड्यांत खरेदी करणं चूक नाही, पण तशी सवय असेल तर टक्केवारीच घ्या.

ऑर्डर मोजतानाही घोटाळा होतो. १०० शेअरची एक ऑर्डर बाजारात ४०, ३५ आणि २५ अशी तीन विक्रेत्यांकडून पूर्ण होऊ शकते. ट्रेड बुकमध्ये, म्हणजे तुमच्या व्यवहारांच्या नोंदीत, तीन ओळी दिसतात, पण ऑर्डर क्रमांक एकच असतो आणि आम्ही २० रुपये एकदाच घेतो. म्हणून ओळी मोजू नका, वेगवेगळे ऑर्डर क्रमांक मोजा. अपवाद एकच: ऑर्डरचा काही भाग आज झाला आणि उरलेल्यासाठी तुम्ही उद्या पुन्हा ऑर्डर टाकली, तर ती नवी ऑर्डर धरली जाते. कमी खपाच्या शेअरमध्ये असं बरेचदा होतं. मर्यादा भाव, म्हणजे ज्याहून जास्त द्यायचं नाही असा तुम्ही ठरवलेला भाव, फार ताणून लावला की एकाच खरेदीचे ४० किंवा ६० रुपये होतात.

"मागच्या महिन्याचं ब्रोकरेज दुसऱ्या प्लॅनने लावा" ही विनंती आम्ही मान्य करत नाही. दिवसाच्या शेवटी ब्रोकरेज धरूनच कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे त्या दिवसाच्या व्यवहारांचा अधिकृत हिशेब, निघते आणि कराचा हिशेबही त्यावरच होतो. तो कागद मागाहून बदलणं तुमच्या हिताचं नाही. प्लॅन बदलायचा अर्ज महिना संपण्याआधी द्या, पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून तो लागू होतो. वार्षिक शुल्काचे उरलेले महिने हिशेबात परत मिळतात.

स्वतः आकडेमोड करायची नसेल तर मागच्या बारा महिन्यांचं ट्रेड बुक आमच्याकडे पाठवा. तुमचं खातं दुसऱ्या ब्रोकरकडे असलं तरी चालेल. प्रत्येक ऑर्डरला दोन्ही प्लॅन लावून आम्ही दोन बेरजा विनाशुल्क काढून देतो. यंदा तुमची रक्कम किंवा खरेदीची पद्धत बदलणार असेल तर तेही सोबत लिहा, नाहीतर बेरीज मागच्या वर्षासाठी बरोबर आणि यंदासाठी चुकीची येईल.