मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच का: एका वेळापत्रकाची पार्श्वभूमी

संधिवाताच्या, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिसच्या बहुतेक रुग्णांच्या चिठ्ठीवर दोन नावं शेजारीशेजारी असतात: मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड. पहिली गोळी आठवड्यातून एकदा. दुसरी कुणाला आठवड्यातून एकदा, कुणाला दोनदा, तर कुणाला मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून रोज. दोन्ही गोळ्या लहान, पुष्कळदा दोन्ही पिवळ्या. त्यांची अदलाबदल झाली किंवा पहिली गोळी रोज घेतली गेली, तर दोनेक आठवड्यांत जीव जाऊ शकतो. हे विचित्र वेळापत्रक कुठून आलं ते पाहिलं की त्यातला धोकाही समजतो.

या कथेची एक सुरुवात मुंबईत आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. गरीब घरच्या गरोदर बायकांना, त्यांतल्या कित्येक कापड गिरण्यांत राबणाऱ्या, एक भयंकर रक्तक्षय होत असे. त्याचं कारण ती शोधत होती. आहारात काहीतरी कमी पडतंय हे तिने ओळखलं आणि यीस्टचा अर्क दिल्यावर या बायका बऱ्या होतात हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला नेमका पदार्थ तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा काढण्यात आला आणि त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. पुढे तो प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या लेडर्ली कंपनीतल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

बोस्टनचे बालरोग-विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांना रक्ताच्या कर्करोगाची मुलं पाहताना एक गोष्ट जाणवली. फॉलिक ॲसिडच्या जातीची द्रव्यं दिली की रोग थांबण्याऐवजी बळावतो. मग त्या द्रव्याची वाट अडवली तर? सुब्बारावांच्या गटाने फॉलिक ॲसिडसारखं दिसणारं, पण पेशीच्या कारभारात अडकून बसणारं रसायन बनवलं होतं, ॲमिनोप्टेरिन. १९४७-४८ मध्ये फार्बर यांनी ते मुलांना दिलं आणि काहींचा आजार तात्पुरता का होईना, मागे हटला. मेथोट्रेक्सेट हे त्याच ॲमिनोप्टेरिनचं भावंड, पण तुलनेने सोसवणारं. म्हणजे ज्या औषधावर आज लाखो संधिवाताचे रुग्ण आहेत, ते जन्मलं कर्करोगाचं औषध म्हणून, आणि फॉलिक ॲसिडचा वैरी म्हणून.

सांध्यांवर याचा उपयोग होतो हे १९५१ मध्येच दिसलं होतं. अमेरिकेत गब्नर आणि सहकाऱ्यांनी रूमेटॉइडच्या काही रुग्णांना ॲमिनोप्टेरिन दिलं, तर सूज पटकन उतरली. पण त्याच सुमारास कॉर्टिझोन हे स्टेरॉइड आलं होतं आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. मेथोट्रेक्सेट टिकून राहिलं ते त्वचारोगतज्ज्ञांकडे, सोरायसिससाठी. सुरुवातीला तिथेही ते रोज दिलं जाई. तोंडात फोड, रक्तपेशी घटणं, यकृताला इजा असे त्रास पाहत पाहत डॉक्टर अंतर वाढवत गेले. १९७१ मध्ये वाइनस्टीन आणि फ्रॉस्ट यांनी आठवड्यातून एकदाच, बारा-बारा तासांनी तीन छोटे डोस देण्याची पद्धत मांडली. १९८५ मध्ये बोस्टनच्या मायकेल वाइनब्लॅट यांनी रूमेटॉइडवरची आपली चाचणी प्रसिद्ध केली, तीही याच पद्धतीने. १९८८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रूमेटॉइडसाठी मान्यता दिली. पुढे तीन डोसांचा एकच झाला, पण आठवडा तसाच राहिला. सात दिवसांचं हे अंतर आधी रुग्णांच्या अंगावर उमटलेल्या त्रासातून ठरलं. त्यामागचं कारण सविस्तर समजलं ते नंतर.

कारण असं. पेशी दुभंगताना तिला नवा डीएनए घडवावा लागतो आणि त्यासाठी फॉलिक ॲसिडचं सक्रिय रूप लागतं. एक विकर, म्हणजे एन्झाइम, हे रूप तयार करत असतं, मेथोट्रेक्सेट त्यालाच अडवून ठेवतं. याचा फटका सर्वात आधी भराभर दुभंगणाऱ्या पेशींना बसतो: अस्थिमज्जा, तोंडाचं आणि आतड्यांचं अस्तर. मूत्रपिंडं धड असतील तर एका डोसातलं बरंचसं औषध एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातं आणि मज्जेला उरलेले पाच-सहा दिवस सावरायला मिळतात. रोज घेतलं की ही फुरसतच मिळत नाही. पेशीच्या आत अडकलेलं औषध साठत जातं आणि मज्जा नव्या पेशी बनवणं थांबवते.

इथे एक गोष्ट ऐकून सुशिक्षित माणूसही चकित होतो. कर्करोगात हेच औषध काही ग्रॅमच्या डोसात, म्हणजे संधिवाताच्या शेकडो पट, शिरेतून दिलं जातं आणि रुग्ण ते सोसतो. कारण साधारण दिवसभरात त्याला उतारा दिला जातो आणि भरपूर सलाइनने औषध धुऊन काढलं जातं. उलट रोजचे १० मिलिग्रॅम दहा दिवस घेतलेली वृद्ध व्यक्ती दगावू शकते. औषध किती घेतलं यापेक्षा पेशी किती काळ त्याच्या विळख्यात राहिल्या याला महत्त्व आहे. मूत्रपिंडं निरोगी असताना एखाद्या दिवशी चुकून दुप्पट गोळ्या घेतल्या तर सहसा मोठं अरिष्ट येत नाही, डॉक्टरांना मात्र लगेच कळवावंच. आठवडाभर रोज घेतलेली साधी मात्रा त्याहून कितीतरी घातक.

मग ज्या औषधाचा वैरी फॉलिक ॲसिड, त्याच्याबरोबर तेच का द्यायचं? रुग्णांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामामध्ये सारा मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी चाचण्या करून दाखवलं की फॉलिक ॲसिड दिल्याने त्रास कमी होतो, पण सांध्यांवरचा परिणाम कमी होत नाही. हे जमतं, कारण संधिवातात मेथोट्रेक्सेटचा गुण पेशी मारण्यातून येत नाही. तिथे दाह शमवणाऱ्या ॲडेनोसिन या द्रव्याचं प्रमाण वाढतं, आणि गुणाचा मोठा भाग त्यातून येतो असं मानलं जातं. थोडं फॉलिक ॲसिड पुरवलं की मळमळ कमी होते, यकृताची विकरं फारशी चढत नाहीत, आणि औषध मध्येच सोडून देणाऱ्यांचं प्रमाण घटतं. माझ्या मते तिसरा फायदा सर्वात मोठा, कारण सोडलेलं औषध कुणाचेच सांधे वाचवत नाही. आठवड्याला किमान ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड ही रूढ मात्रा आहे. मेथोट्रेक्सेटच्या दिवशी ते टाळण्याची प्रथा पुष्कळ डॉक्टर पाळतात.

चूक कशी घडते ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. साताऱ्याकडच्या, वयाची साठी ओलांडलेल्या एक बाई. दर रविवारी १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट, बाकी सहा दिवस फॉलिक ॲसिड. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मुलाकडे पुण्याला गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी चालू औषधांची यादी नव्या कागदावर उतरवताना मेथोट्रेक्सेटपुढेही बाकीच्यांसारखंच १-०-० लिहिलं. सुनेने डबीचे सातही कप्पे निगुतीने भरले. सात दिवसांत पोटात गेलं १०५ मिलिग्रॅम, म्हणजे सात आठवड्यांचं औषध. सहाव्या दिवशी तोंड आलं. घरात म्हणाले उष्णता झाली, गुलकंद दिला, दुकानातून बी-कॉम्प्लेक्स आणलं. नवव्या दिवशी जुलाब, गिळताना आग, आणि गोळी अजून चालूच. अकराव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी हजाराच्याही खाली, प्लेटलेट कोसळलेल्या.

या साखळीत निष्काळजी म्हणावा असा माणूस मला दिसत नाही. सुनेने तर लिहिलं होतं तेच अतिशय मनापासून केलं. जवळजवळ प्रत्येक गोळी रोज घ्यायची असते, अशा जगात हे एक औषध अपवाद आहे, आणि तो अपवाद कागद बदलताना गळून पडतो. म्हणून अशा चुका दवाखाना बदलताना, भरतीच्या वेळी किंवा घरी सोडताना जास्त होतात. आपल्याकडे आणखी एक फट आहे. मेथोट्रेक्सेटच्या काही ब्रँडची नावंच 'फोली'ने सुरू होतात, त्यामुळे फॉलिक ॲसिड समजून मेथोट्रेक्सेट हातात पडण्याची भीती राहते.

मेथोट्रेक्सेटवर असलेल्या माणसाचं तोंड आलं, तर ती उष्णता समजू नये. गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं. रक्तातली औषधाची पातळी मोजली तर ती बहुधा कमीच येते, आणि तिच्यावरून निर्धास्त होता येत नाही, कारण औषध तोवर पेशींच्या आत गेलेलं असतं. वय, पाण्याची कमतरता आणि थकलेली मूत्रपिंडं यांनी धोका वाढतो. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिलं जाणारं कोट्रायमॉक्सॅझोल तर फॉलिक ॲसिडचीच वाट अडवतं. ते सोबत घेतल्याने, आठवड्याची मात्रा बरोबर असतानाही, मज्जा बसल्याची उदाहरणं आहेत.

अशा वेळी घरातल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या जास्त घेऊन भागत नाही. साधं फॉलिक ॲसिड कामाला येण्यासाठी तेच अडवलेलं विकर लागतं. रुग्णालयात ल्युकोव्होरिन म्हणजे फोलिनिक ॲसिड देतात. ते आधीच पुढच्या रूपात असल्याने बंद दाराला वळसा घालून पेशीत कामाला लागतं. जितक्या लवकर मिळेल तितका उपयोग, म्हणून पातळीच्या अहवालासाठी थांबत नाहीत. सोबत प्रतिजैविकं आणि पेशी सावरेपर्यंतची देखभाल.

इंग्लंडमध्ये २००० साली केंब्रिजशायरच्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर चौकशी झाली. २००४ मध्ये तिथल्या रुग्णसुरक्षा संस्थेने दहा वर्षांचा हिशेब मांडला, त्यात २५ मृत्यू आणि २६ गंभीर इजा होत्या. २०१९ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने वेष्टनावर ठळक इशारा, बाटलीऐवजी फक्त पट्टीत गोळ्या आणि रुग्णाकडे कार्ड असे उपाय सुचवले. २०२० मध्ये ब्रिटनच्या नियामकाने चिठ्ठीवर वाराचं पूर्ण नाव लिहायला सांगितलं. वार लिहायला पैसा लागत नाही. 'दर रविवारी, फक्त रविवारी' एवढं चिठ्ठीवर आणि पट्टीवर मराठीत लिहिलं, तर सूनबाई डबी भरताना थबकेल. औषध दुकानदारालाही ओळखायची खूण आहे: आठवड्याला एक गोळी असेल तर दहा गोळ्यांची पट्टी दहा आठवडे पुरते. तीच पट्टी पंधरा दिवसांत संपली म्हणून कुणी दारात आलं, तर नवी देण्याआधी ही गोळी कोणत्या वारी घेता, एवढं विचारावं.