काटा शून्यावर आला, म्हणून रोध बरोबर असेलच असं नाही

काट्याच्या मल्टिमीटरवर ओहमच्या पट्टीचा शून्य उजवीकडे असतो आणि अनंत डावीकडे. काटा मुळात विद्युतधारा दाखवतो, म्हणून ही पट्टी उलटी. प्रोब मोकळे असताना धारा नाही, काटा डावीकडे स्वस्थ. प्रोब एकमेकांना टेकवले की धारा सर्वांत जास्त, काटा थेट उजव्या टोकाला.

एकसर जोडणीच्या साध्या ओहममापीत 1.5 व्होल्टचा सेल, 1 मिलिअँपिअरला पूर्ण वळणारं मीटर आणि एक रोध असतो. आतला एकूण रोध 1500 ओहम. बाहेर 1500 ओहम जोडला की धारा निम्मी होते आणि काटा मधोमध थांबतो. एक चतुर्थांश वळणासाठी मात्र 4500 ओहम लागतात आणि एक दशांशासाठी 13,500. म्हणून डावीकडे आकडे दाटतात आणि तिथलं वाचन अंदाजाचंच राहतं.

आता सेल उतरून 1.3 व्होल्टवर आला असं धरू. प्रोब टेकवले तरी काटा सुमारे 230 ओहमवरच अडतो. यावर उपाय म्हणून शून्य जुळवायची घुंडी असते. पण ती घुंडी आतल्या कोणत्या रोधाला फिरवते, यावर सगळं ठरतं.

ती एकसर रोधच कमी करत असेल, तर आतला एकूण रोध 1300 ओहम होतो. काटा शून्यावर येतो खरा, पण पट्टी 1500 धरून छापलेली आहे. त्यामुळे प्रत्येक रोध 15 टक्के जास्त दिसतो: 1500 ओहमचा रोध साधारण 1730 वाचला जातो. ‘शून्य जुळलं म्हणजे मीटर अचूक’ हा समज इथेच फसतो.

म्हणून चांगल्या रचनेत घुंडी मीटरला समांतर जोडलेल्या रोधावर असते. समजा मीटरचा स्वतःचा रोध 50 ओहम, समांतर रोध 100 आणि एकसर रोध सुमारे 967. आतला एकूण रोध 1000 ओहम होतो. सेल देतो ते 1.5 मिलिअँपिअर. त्यातला अर्धा मिलिअँपिअर समांतर रोधातून बाजूने निघून जातो. सेल 1.3 व्होल्टवर आला की घुंडीने समांतर रोध सुमारे 171 ओहम करायचा. बाजूने जाणारी धारा घटते आणि मीटरला पुन्हा पूर्ण 1 मिलिअँपिअर मिळतो. एकूण रोध मात्र 1005 ओहमच्या आसपासच राहतो, म्हणजे चूक अर्धा टक्का. इतका फरक काट्यावर दिसतही नाही.

रेंज बदलली की शून्य पुन्हा जुळवा. लहान रेंजवर सेलमधून बरीच जास्त धारा वाहते आणि जुन्या सेलचा वाढलेला अंतर्गत रोध तिथे आधी जाणवतो. मोठ्या रेंजवर शून्य जुळतं, पण ×1 वर घुंडी टोकापर्यंत फिरवूनही जुळत नाही, तर सेल बदला. जुळल्यावरही काटा हळूहळू मागे सरकत असेल, तरी तेच करा. प्रोब फार वेळ टेकवून ठेवू नका, सेल त्यातच संपतो.

तुमच्या मीटरमध्ये कोणती रचना आहे, हे उतरलेल्या सेलवरच कळतं. शून्य जुळवा आणि पट्टीच्या मधल्या आकड्याइतका, 1 टक्का अचूकतेचा रोध जोडा. काटा मध्याच्या स्पष्टपणे डावीकडे थांबला, तर घुंडी एकसर रोधावर आहे.