फेअर यूज आणि फेअर डीलिंग: पुस्तकांवर एआय शिकवण्याचा अमेरिकी निकाल आपल्याकडे लागू होतो का?

जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दोन दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले आणि ‘पुस्तकांवर एआय शिकवणे कायदेशीर’ अशा मथळ्यांनी ते आपल्यापर्यंत पोचले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लिहित्या आणि चित्रे काढणाऱ्या मंडळींशी बोलताना जाणवते की, परवानगीचा प्रश्न यामुळे कायमचा मिटला असे अनेकांनी धरून चालले आहे. हा समज चुकीचा आहे. ते निकाल, परवानगीशिवाय केलेल्या वापराला काही वेळा मुभा देणाऱ्या अमेरिकेतील ‘फेअर यूज’ या तरतुदीवर उभे आहेत. भारतातील ‘फेअर डीलिंग’ ही तरतूद नावाने तिची बहीण वाटली, तरी तिची घडण अगदी निराळी आहे.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, कुडाळच्या एका लेखिकेचा मालवणी कथासंग्रह २०१२ साली छोट्या आवृत्तीत निघाला. पुढे कोणीतरी त्याची पाने स्कॅन करून पीडीएफ चोरट्या संकेतस्थळावर चढवली आणि तिथून एका कंपनीने लाखो पुस्तकांसोबत ती उतरवून घेऊन आपले भाषा-मॉडेल त्यावर शिकवले. लेखिकेला कोणी विचारले नाही.

अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातील १०७ वे कलम कोणत्याही उद्देशाला आधीच बाद करत नाही. वापराचा हेतू व स्वरूप, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग आणि मूळ कृतीच्या बाजारावर होणारा परिणाम हे चार घटक तोलून न्यायाधीश निर्णय देतात. अँथ्रॉपिक या एआय कंपनीविरुद्ध लेखकांनी केलेल्या दाव्यात न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी मॉडेल शिकवणे हा मुळातच वेगळ्या हेतूचा वापर असल्याने तो फेअर यूज ठरतो, असे म्हटले. कंपनीने विकत घेतलेल्या छापील पुस्तकांची बांधणी कापून केलेले स्कॅनिंगही त्यांनी मान्य केले. मात्र चोरट्या संकेतस्थळांवरून उतरवलेल्या सत्तर लाखांहून अधिक प्रतींचे कायमचे ग्रंथालय उभारणे त्यांनी मान्य केले नाही. मथळ्यांतून नेमका हाच भाग गळाला. पुढे कंपनीने दीड अब्ज डॉलरची तडजोड केली आणि सुमारे पाच लाख पुस्तकांना प्रत्येकी साधारण तीन हजार डॉलर ठरले.

मेटाविरुद्धच्या दुसऱ्या निकालात न्यायाधीश विन्स छाब्रिया यांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला, पण लेखकांनी बाजारातील नुकसानीचा पुरेसा पुरावा आणला नाही म्हणून. यंत्राने लिहिलेल्या मजकुराचा पूर आला तर मूळ पुस्तकांची मागणी बुडू शकते, हा मुद्दा त्यांनी स्वतःहून गंभीर मानला. म्हणजे एकाच न्यायालयातले दोन न्यायाधीशही चौथ्या घटकावर एकमताचे नव्हते.

आता तेच पुस्तक भारतीय कायद्यात ठेवू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १४ व्या कलमानुसार कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हाही लेखकाच्या हक्काचाच भाग आहे. या हक्काला अपवाद ५२ व्या कलमात आहेत आणि तिथे न्यायाधीशाला तराजू दिलेला नसून ठरावीक उद्देशांची यादी दिलेली आहे. फेअर डीलिंगसाठी उद्देश तीनच: संशोधनासह खासगी वा वैयक्तिक वापर, टीका वा परीक्षण, आणि चालू घडामोडींचे वार्तांकन. वापर कितीही नवा किंवा उपयुक्त असला, तरी तो या यादीत किंवा त्याच कलमातल्या दुसऱ्या एखाद्या अपवादात बसला पाहिजे.

कंपन्यांची बाजू इथे दुबळी आहे असे मात्र मुळीच नाही. त्यांचे म्हणणे असे की, कॉपीराइट कल्पनेला, शैलीला वा माहितीला मिळत नाही, फक्त मांडणीला मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद प्रकरणात १९७८ मध्येच हे स्पष्ट केले आहे. मॉडेल शिकताना शब्दांच्या क्रमातील संभाव्यता मोजते. मूळ कथा ते कोणाला वाचायला देत नाही. शिवाय शिकवणे हे संशोधनच आहे, आणि संशोधनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवणूक चालते असे स्पष्टीकरण ५२ व्या कलमातच जोडलेले आहे.

लेखक-प्रकाशकांचे उत्तर मला अधिक पटते. मोजणी सुरू होण्याआधी अख्ख्या पुस्तकाची प्रत केली जाते, आणि हक्कभंगाचा प्रश्न त्या प्रतीचा आहे. त्यातून पुढे काय शिकले हा नंतरचा भाग. कायद्यात ‘संशोधन’ हा शब्द वैयक्तिक वापराला जोडून आला आहे, त्यामुळे वर्गणी घेऊन सेवा विकणाऱ्या कंपनीला त्यात बसवणे कठीण आहे. क्षणिक साठवणुकीची सूट आहे खरी, पण ती इलेक्ट्रॉनिक प्रसारणाच्या तांत्रिक प्रक्रियेपुरती आणि दुवे पुरवण्यासारख्या कामांपुरती आहे. महिनोन्‌महिने जपलेल्या संग्रहाला ती लागू करणे म्हणजे कलम ताणणे होय.

चित्रांच्या बाबतीत एक बारकावा लक्षात ठेवावा. पिंगुळीच्या चित्रकथीची परंपरागत शैली कोणा एकाच्या मालकीची नाही, आणि तशा धर्तीचे चित्र यंत्राने काढले म्हणून आपोआप हक्कभंग होत नाही. पण आजच्या चित्रकाराने काढलेले विशिष्ट रामायण-चित्र त्याचे स्वतःचे आहे आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे ते संरक्षित राहते. याच हिशोबाने मालगुंडचे केशवसुत, जे १९०५ मध्ये गेले, कधीच सर्वांचे झाले आहेत, चिं. त्र्यं. खानोलकर १९७६ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या साहित्यावरील हक्क २०३६ अखेरपर्यंत टिकतो.

इथवर आल्यावर एक अवघड गाठ समोर येते. कॉपीराइट हा देशोदेशीचा स्वतंत्र हक्क आहे. प्रत ज्या देशात केली जाते, सामान्यतः तिथला कायदा लागतो. कुडाळच्या पुस्तकाची प्रत कॅलिफोर्नियातील सर्व्हरवर झाली असेल, तर सदस्य देशांत एकमेकांच्या लेखकांना संरक्षण देणाऱ्या बर्न करारामुळे लेखिकेला तिथे संरक्षण मिळते, पण सोबत फेअर यूजचा बचावही तिच्यासमोर उभा राहतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयविरुद्ध दावा केला, तेव्हा सर्व्हर भारताबाहेर आहेत हा बचाव पुढे आला तो यामुळेच.

आणि तडजोडीचे ते तीन हजार डॉलर? ते मिळण्यासाठी पुस्तकाला आयएसबीएन किंवा अ‍ॅमेझॉनचा एएसआयएन क्रमांक हवा होता, आणि प्रकाशनानंतर पाच वर्षांच्या आत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात त्याची नोंदणी झालेली असणे आवश्यक होते. परदेशी लेखकाला तिथे दावा लावण्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, पण कायद्याने ठरवलेली ठोक भरपाई नोंदणीशिवाय मागता येत नाही. आपल्याकडच्या किती प्रकाशकांनी अशी नोंदणी केली असेल? आपल्या उदाहरणातील कथासंग्रह तडजोडीतील पुस्तकांच्या यादीत शिरणारच नाही, मग त्याची पीडीएफ त्याच चोरट्या साठ्यात असली तरीही.

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाच्या समितीने तिसरा मार्ग सुचवला: कंपन्यांना कायदेशीररीत्या उपलब्ध झालेल्या कृतींवर शिकवण्याचा सक्तीचा परवाना द्यावा आणि एका मध्यवर्ती संस्थेमार्फत निर्मात्यांना मानधन मिळावे. यात पैसा मिळण्याची वाट मोकळी होते, पण नकार देण्याचा हक्क जातो, आणि माझ्या मते तो हक्क सहज सोडून देण्याजोगा नाही. शिवाय ज्या लेखिकेचे पुस्तक एका तालुक्यापलीकडे फारसे विकले गेले नाही, तिच्या वाट्याचा हिशोब कोणत्या नोंदींवरून करायचा, हे त्या योजनेत सर्वांत आधी ठरले पाहिजे.