आजीचा चष्मा: जुन्या टेपमधून खरं काय परत येतं आणि काय नव्याने काढलं जातं

आमच्याकडे १९९४ ची एक व्हीएचएस टेप आहे, त्यात आजी दिसते असा तो एकच व्हिडिओ. ती मागच्या बाजूला उभी आहे, आख्खी डोक्यापासून पायापर्यंत, आणि साधारण दीड सेकंद न हलता कॅमेऱ्याकडे बघते. मोठ्या टीव्हीवर लावलं तर चेहरा म्हणजे नुसता पुसट धब्बा. म्हणून मी तो एका एआय अपस्केलरमधून, म्हणजे लहान चित्र मोठं आणि स्पष्ट करणाऱ्या टूलमधून काढला आणि रिझल्ट बघून खरंच हरखलो, डोळे स्पष्ट, पापण्या स्पष्ट, त्वचा छान. आईला दाखवलं. तिने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "बाई छान आहे रे, पण ही माझी आई नाही. आणि तिचा चष्मा कुठे गेला?"

आजीचा चष्मा जाड काळ्या फ्रेमचा होता, तो तिने कधी काढलाच नाही. मग तो गेला कुठे हे शोधायला बसलो तर टेपमध्ये मुळात किती माहिती असते इथपासून सुरुवात करावी लागली.

पहिली चूक तर माझ्याकडे जी फाइल होती तिच्यातच निघाली. ती बऱ्याच वर्षांपूर्वी कुणाकडून तरी करून घेतलेल्या व्हीसीडीवरून घेतलेली होती, आणि व्हीसीडीचं चित्र असतं ३५२ बाय २८८ पिक्सेल. टेपवरच्या आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्ही सिग्नलमध्ये दिसणाऱ्या ओळी असतात ५७६, पण त्या एकदम येत नाहीत. आधी एकाआड एक २८८ ओळी, मग एक पन्नासांश सेकंदाने मधल्या राहिलेल्या २८८. यातल्या प्रत्येक अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. व्हीसीडी करताना बहुतेक वेळा एक फील्ड ठेवतात आणि दुसरं सरळ फेकून देतात, म्हणजे निम्म्या ओळी गेल्या आणि सेकंदाला ५० क्षण होते त्याचे २५ झाले. ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही, पण टेप अजून कपाटात असेल तर टेप आणू शकते! त्यामुळे जुनं फुटेज सुधारायचं असेल तर पहिलं काम म्हणजे मूळ टेप शोधून ती नीट परत कॅप्चर करणं म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घेणं, व्हीसीआरचं हेड साफ करून, जमलं तर एस-व्हिडिओची वायर वापरून (टेपवर उजेड आणि रंग वेगवेगळेच लिहिलेले असतात, पिवळ्या पिनच्या वायरीत ते उगाच एकत्र कालवले जातात) आणि जोरदार कॉम्प्रेशन न लावता. माझ्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक या पायरीने पडला, अपस्केलिंगने नाही.

आता नवीन फाइल मिळाली ७२० बाय ५७६ ची. फोर-के स्क्रीनवर चार-बाय-तीनचं चित्र पूर्ण उंचीला बसवलं तर २८८० बाय २१६० पिक्सेल लागतात, म्हणजे बरोबर १५ पट. दर १५ पिक्सेलमधला एक टेपमधून आला आणि १४ आपण भरले, असं वाटतं, पण परिस्थिती त्याहून वाईट आहे, कारण ७२० हा कॅप्चर कार्डाचा आकडा आहे, टेपचा नाही. व्हीएचएसवर उजेडाचा सिग्नल साधारण ३ मेगाहर्ट्झपर्यंतच लिहिला जातो आणि एक ओळ ५२ मायक्रोसेकंदात काढली जाते. दोघांचा गुणाकार केला की एका ओळीत जास्तीत जास्त १५६ वेळा उजेड-अंधार होऊ शकतो, म्हणजे आडवे वेगळे ओळखू येतील असे ठिपके ३१२. बाकीचे पिक्सेल शेजाऱ्यांची सरासरी आहेत. रंगाला तर साधारण अर्धाच मेगाहर्ट्झ मिळतो, त्यामुळे आख्ख्या ओळीत रंगाचे ठिपके पन्नासेक. म्हणूनच जुन्या टेपमध्ये लाल कपड्याचा लाल रंग बाहेर सांडलेला दिसतो.

हेच गणित आजीच्या चेहऱ्यावर लावलं. चेहरा उंचीला २५ ओळी आणि रुंदीला १८ पिक्सेल. या १८ मध्ये टेपचे खरे ठिपके फक्त ८. रंगाचा ठिपका चेहऱ्याच्या आख्ख्या रुंदीला मिळून एक, सव्वा. चेहरा १४ सेंटिमीटर रुंद धरला तर एका ठिपक्यात पावणेदोन सेंटिमीटर चेहरा मावतो. तिच्या गालावर छोटासा तीळ होता, तो त्या ठिपक्यात कुठेतरी विरघळला, आणि तो "सुधारून" परत येईल ही आशा सोडलेली बरी कारण सुधारायला तिथे काही उरलेलंच नाही.

पण चष्म्याची गोष्ट वेगळी. जाड फ्रेमची वरची कड म्हणजे चेहऱ्यावर आडवी जाणारी काळी पट्टी, आणि ती एकाच चित्रात नाही, दीड सेकंदात ७५ फील्डमध्ये आहे. प्रत्येक फील्डमध्ये टेपची मुरमुर म्हणजे नॉइज वेगळी असते आणि पट्टी मात्र तीच असते. चित्रं एकमेकांवर नीट जुळवून सरासरी काढली की जे खरं आहे ते टिकतं आणि नॉइज एकमेकांना खोडते, १६ चित्रं जुळवली तर नॉइज चौथाई होते, ६४ जुळवली तर आठवा हिस्सा. शिवाय कॅमेरा हातात धरलेला होता आणि किंचित हलत होता, आणि हे इथे चक्क कामाला येतं! कारण प्रत्येक फील्डच्या ओळी चेहऱ्यावर थोड्या वेगळ्या जागी पडतात, एकात कपाळावरून गेलेली ओळ पुढच्यात अर्धी ओळ खाली जाते, त्यामुळे उभ्या दिशेत दोन ओळींच्या मधलीसुद्धा खरी माहिती थोडी गोळा होते. आडव्या दिशेत हा फायदा नाही, तिथे बारकावा टेपवर लिहितानाच गाळला गेला आणि कितीही चित्रं जमवली तरी तेच गुळगुळीत रूप परत परत मिळतं.

जुळवण्याआधी फील्ड सुटे करावे लागतात, नाहीतर हलणाऱ्या गोष्टींच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. मी ffmpeg या व्हिडिओ सॉफ्टवेअरची ही कमांड वापरली:

```
ffmpeg -i tape.avi -vf "bwdif=mode=send_field,scale=1440:1080:flags=lanczos,setsar=1" -c:v ffv1 out.mkv
```

यातून सेकंदाला ५० पूर्ण चित्रं निघतात. माणसं मागेपुढे थरथरताना दिसली तर समजायचं की फील्डचा क्रम उलटा धरला गेलाय, तेव्हा `send_field` च्या पुढे `:parity=tff` किंवा `:parity=bff` स्वतः द्यायचं. नंतर आजीच्या चेहऱ्याभोवतीचा तुकडा कापून चित्रं एकमेकांवर बसवली, ज्यात ती किंचित हलली होती ती चित्रं बाजूला काढली, उरली ४० च्या आसपास. सरासरीचं चित्र तसं पुसटच होतं, पण डोळ्यांवरून एक काळी आडवी पट्टी स्वच्छ जात होती. चष्मा टेपमध्ये होता!

मग एआयने तो का पुसला? हे अपस्केलर शिकवताना लाखो चांगली चित्रं घेतात, ती मुद्दाम लहान आणि खराब करतात, आणि खराबवरून चांगलं ओळखायला लावतात. अडचण अशी की अनेक वेगवेगळे चेहरे लहान केले की हुबेहूब तेच मोजके ठिपके मिळतात, म्हणजे उलट जायला एकच रस्ता नाही, हजारो आहेत, आणि मॉडेल त्यातला त्याने सगळ्यात जास्त पाहिलेला रस्ता धरतं. पुसट काळा पट्टा दिसला तर चष्म्यापेक्षा डोळ्याखालची सावली त्याला जास्त ओळखीची, म्हणून त्याने सावली रंगवली आणि वर सुंदर उघडे डोळे. ते डोळे कुणाचेच नाहीत.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०२० मधलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात पल्स नावाची पद्धत केली होती, १६ बाय १६ पिक्सेलच्या चेहऱ्यापासून १०२४ बाय १०२४ चा चेहरा. कुणीतरी त्यात बराक ओबामांचा पिक्सेल केलेला फोटो घातला आणि बाहेर आला एक गोरा माणूस. यातली समजून घ्यायची गोष्ट ही की पल्स पद्धत मुद्दाम असाच चेहरा शोधते जो परत लहान केला की मूळ पिक्सेलशी जुळेल. म्हणजे पिक्सेलचा हिशोब जुळला आणि माणूस चुकला.

त्यामुळे तपासणी एकाच बाजूने पक्की होते. सुधारलेलं चित्र परत लहान करून मूळ चित्रावर ठेवायचं, जुळलं नाही तर टूलने नक्की काहीतरी बदललंय, पण जुळलं म्हणून ते खरं ठरत नाही. दुसरी खूण हलत्या व्हिडिओत दिसते, दातांची संख्या, बोर्डावरची अक्षरं, कपड्यावरची नक्षी एका चित्रातून पुढच्यात बदलत असेल तर ती टूलने मनाने काढलेली आहे, कारण खरी अक्षरं असं करत नाहीत. आणि सगळ्यात भरवशाचा प्रयोग म्हणजे ज्याचं उत्तर माहिती आहे असं चित्र घेणं. मी एका चष्मेवाल्या नातेवाइकाला तेवढ्याच अंतरावर उभं करून आजचा चार-बाय-तीनमधला व्हिडिओ काढला आणि मुद्दाम टेपइतका खराब केला:

```
ffmpeg -i good.mp4 -vf "scale=312:576,scale=720:576,noise=alls=12:allf=t,setsar=16/15" -c:v ffv1 test.mkv
```

रंग यात टेपइतका खराब होत नाही, म्हणजे खऱ्या टेपपेक्षा ही परीक्षा सोपीच आहे. तरीही त्याच टूलने त्याच्याही चष्म्याची वरची कड भुवईत मिसळून टाकली आणि हातातल्या वहीवरचं नाव म्हणजे कुठल्याच लिपीत नसलेल्या ठळक रेघा झाल्या. भिंत, खुर्ची, झाडाची बाह्यरेषा, कॅमेऱ्याजवळची माणसं मात्र व्यवस्थित आली. अंदाज असा बसला की चेहरा शंभरेक ओळींचा असेल तर टूल फक्त कडा साफ करतं, पंचवीस ओळींचा असेल तर चेहराच नव्याने काढतं.

घरच्या आठवणीत हे फार तर दुखावतं, पण पुरावा म्हणून दाखवलं तर प्रकरण वेगळं होतं. २०२४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या कोर्टाने खुनाच्या एका खटल्यात बचाव पक्षाने आणलेला एआयने सुधारलेला मोबाइल व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. मला तो निर्णय अगदी बरोबर वाटतो, ८ ठिपके रुंद चेहऱ्यावर मनाने डोळे रंगवणारं टूल हातातली वस्तूसुद्धा तशीच रंगवणार.

शेवटी मी आख्ख्या टेपला एआय लावलंच नाही. फील्ड सुटे केले, नॉइज बेताने कमी केली, १०८० ओळींपर्यंत साधं मोठं केलं, त्यापुढचं टीव्ही स्वतः करतो आणि सोफ्यावरून फरक कळत नाही. मूळ कॅप्चर फाइल तशीच दोन हार्ड डिस्कवर ठेवली. आणि त्या दीड सेकंदाचं सरासरी काढलेलं चित्र वेगळं छापून आईला दिलं. चेहरा पुसट आहे, ओठ नीट कळत नाहीत. तिने ते हातभर लांब धरलं आणि म्हणाली, "हां, आता आहे चष्मा."