भिंत शाबूत, टेके शाबूत, तरी खड्ड्याचा तळ वर का येतो?

मऊ चिकणमातीत खोल खड्डा खणताना सगळ्यांचं लक्ष बाजूंकडे असतं. शीटपाइलची भिंत पुरेशी जाड आहे का, दोन भिंतींमधले आडवे स्ट्रट भार पेलतील का, हे तपासलं जातं. ते तपासायलाच हवं. पण अशा मातीत खड्डा निकामी होण्याची एक वाट या दोन्हींना वळसा घालून जाते. बाहेरची माती भिंतीच्या खालून आत सरकते, तळ फुगून वर येतो आणि बाहेरची जमीन तेवढीच खचते. स्ट्रट दुप्पट जाड केले तरी ही वाट बंद होत नाही.

खणण्याआधी तळाच्या पातळीवर आत आणि बाहेर मातीचं ओझं सारखं असतं. आतली माती काढली की तिथलं ओझं जातं, बाहेरचं तसंच राहतं. इमारतीचा पाया ओझं वाढवून खालची माती बाजूला ढकलतो. इथे ओझं काढून घेतल्यामुळे माती ढकलली जाते, पण सरकण्याची वाट तशीच वक्र असते. म्हणून पायाची भारक्षमता काढण्याचं गणित उलटवून तळासाठी वापरता येतं. ऑस्लोच्या मऊ मातीतल्या खोदकामांचा अभ्यास करून ब्येरुम आणि आइडे यांनी 1956 मध्ये खोल खड्ड्यांसाठी ही मांडणी केली.

माती सरकवू पाहणारा जोर आणि माती जागेवर धरणारी शक्ती यांचं गुणोत्तर म्हणजे स्थिरता अंक:

N = γH / su

γ म्हणजे मातीचं घनभार, H खोदकामाची खोली, आणि su म्हणजे पाण्याचा निचरा व्हायला वेळ मिळण्याआधी मातीची घसरण रोखण्याची ताकद, म्हणजेच कर्तनशक्ती. हा अंक साधारण 3 ते 4 च्या पुढे गेला की तळाच्या कोपऱ्यांजवळची माती आपल्या ताकदीच्या टोकाला पोचू लागते. पुढे हालचाली वाढतात. लांबच लांब, उथळ खड्ड्यासाठी अंक 5 च्या थोडा पुढे गेला की तळ सैद्धांतिकदृष्ट्या निकामी होतो. खड्डा रुंदीच्या मानाने खोल असेल किंवा चौरस असेल, तर ही मर्यादा वाढते, कारण मातीला अधिक पृष्ठांवरून घासत सरकावं लागतं. ही मर्यादा Nc या गुणांकाने दाखवतात आणि स्केम्प्टन यांचं सूत्र ती सोप्या रीतीने देतं. त्यात D म्हणजे खोली (इथे H च), B रुंदी आणि L लांबी:

Nc = 5 (1 + 0.2 D/B) (1 + 0.2 B/L)

खोली रुंदीच्या अडीच पटीच्या पुढे गेली की मात्र खोलीचा फायदा वाढत नाही.

आता एक खड्डा हिशेबाला घेऊ: 10 मीटर रुंद, 40 मीटर लांब, 8 मीटर खोल. मातीचं घनभार दर घनमीटरला 17 किलोन्यूटन आणि कर्तनशक्ती 25 किलोपास्कल, म्हणजे बोटाने सहज दाबली जाणारी माती. काठावरची यंत्रं आणि सामान यांचा भार दर चौरस मीटरला 10 किलोन्यूटन धरू.

मातीचं ओझं 17 × 8 = 136, म्हणून स्थिरता अंक 136 ला 25 ने भागून 5.4 येतो. काठावरचा भार मिळवला तर सरकवणारा जोर 146 होतो. Nc चं उत्तर 6.09, त्याला 25 ने गुणलं की रोखणारी शक्ती 152. सुरक्षा गुणांक 152 भागिले 146, म्हणजे 1.04. या पद्धतीत साधारण 1.5 मागतात. कागदावर खड्डा अजून उभा आहे, पण प्रत्यक्षात तो कड्याच्या टोकावर आहे.

हाच खड्डा 5 मीटरवर थांबवला असता तर गुणांक 1.52 आला असता. भिंत, स्ट्रट, माती, काहीही बदललेलं नाही. फरक फक्त शेवटच्या तीन मीटरचा. खोलीबरोबर Nc वाढतो खरा, पण फार हळू, आणि ओझं त्याच्या कितीतरी वेगाने वाढतं.

हिशेबाची सगळी मदार कर्तनशक्तीच्या आकड्यावर आहे, आणि माझ्या मते सर्वात जास्त चुका तिथेच होतात. वेन यंत्र मातीत रोवून फिरवलं की जो आकडा मिळतो, तो तसाच वापरायचा नसतो. मातीची प्लास्टिसिटी जास्त असेल तर तो खऱ्या ताकदीपेक्षा फुगलेला असतो, म्हणून तो दुरुस्त करून कमी करावा लागतो. आपल्या उदाहरणात 25 हा दुरुस्त केलेला आकडा आहे असं समजा आणि यंत्राने 30 दाखवला होता. दुरुस्ती विसरली तर गुणांक 1.25 दिसेल आणि धोका निम्मा झाल्यासारखा वाटेल. दुसरी चूक म्हणजे ताकद भिंतीलगतच्या वरच्या थरांतून घेणं. तळाचं भवितव्य ठरतं ते तळाखालच्या, साधारण रुंदीच्या 0.7 पट खोलीपर्यंतच्या मातीत. इथे म्हणजे सुमारे 7 मीटर. त्या पट्ट्यात अधिक मऊ थर असेल तर तोच निर्णायक ठरतो. उलट, कठीण थर जवळ असेल तर सरकण्याची वाट आखूड होते.

मग 8 मीटर खणायचेच असतील तर? भिंत मऊ मातीतच संपत असेल तर ती थोडी खोल नेऊन फारसं साधत नाही, कारण माती तिच्या टोकाखालून वाट काढते. ती खालच्या घट्ट थरात रुतवली तर मात्र चित्र बदलतं. दुसरा मार्ग म्हणजे तळाखालची माती सिमेंट मिसळून आधीच घट्ट करणं. 10 बाय 10 मीटरचे तुकडे खणून प्रत्येकाचा तळ लगेच काँक्रीटने बंद केला तर Nc 6.96 होतो, पण गुणांक जेमतेम 1.19, म्हणून एकटा हा उपाय पुरत नाही. पाण्याखाली खणणं अधिक प्रभावी आहे: 8 मीटर पाणी तळावर दर चौरस मीटरला सुमारे 80 किलोन्यूटनचा दाब देतं, जोर 66 वर येतो आणि गुणांक 2.3 होतो. तळाचं काँक्रीट पाण्याखालीच ओतायचं. पाणी उपसल्यावर मात्र त्या स्लॅबला मातीचा खालून वर ढकलणारा दाब पेलता आला पाहिजे, म्हणून त्याचं वजन आणि पाइलचा आधार वेगळा तपासावा लागतो.

थोडासा तळ वर येणं प्रत्येक खड्ड्यात घडतं, कारण ओझं उतरल्यावर माती किंचित सैलावते. धोक्याची खूण वेगळी असते. खणणं थांबवलं तरी तळ, भिंतीचा खालचा भाग आणि बाहेरची जमीन सरकतच राहतात. सगळ्यात खालच्या स्ट्रटच्याही खाली भिंत आत फुगते, बाहेर खड्ड्याला समांतर भेगा पडतात. स्ट्रटना मधोमध आधार देणारे उभे खांब तळाबरोबर वर उचलले जात असतील तर ते स्ट्रटलाही वर वाकवतात आणि मग तळाचं अपयश टेक्यांचं अपयश होऊन समोर येतं. अशा वेळी आणखी स्ट्रट बसवण्यात वेळ दवडायचा नसतो. माणसं बाहेर काढून काठावरची यंत्रं आणि सामान दूर न्यायचं, आणि खड्ड्यात माती किंवा पाणी परत भरायचं, म्हणजे काढून घेतलेलं ओझं तळावर पुन्हा येतं.